टोन बसत नाही

ताटात लोणच्याचं तेल भातापर्यंत आलं की मी ताट फिरवून घेतो. चवीसाठी नाही, रंगासाठी. घरचे हसतात, बायको म्हणते, तुमच्यासाठी उद्यापासून पांढऱ्यावर पांढरंच वाढते. पण खोड ती खोड. कुणाच्याही लग्नात गेलो तरी मी आधी मांडवाच्या कापडाकडे बघतो आणि मग नवरा-नवरीकडे. हिरव्या कापडाखाली भर दुपारी माणसांची तोंडं कशी आजारी दिसतात, हे मला जेवढं टोचतं तेवढं त्या घरच्यांना कधीच टोचत नाही. या खोडीवर मी वीस वर्षं पोट भरलं. याच खोडीने माझ्या हातून जे झालं ते आता कुठल्याही बटणाने परत फिरत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

औंढ्याला देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे दोघांचा. माझा भागीदार शिरड शहापूरचा. आम्ही एकाच वर्षी कॅमेरा शिकलो, एकाच उस्तादाकडे शिव्या खाल्ल्या आणि बारा वर्षांपूर्वी अर्धे-अर्धे पैसे घालून हे दुकान टाकलं. पूर्वी देवदर्शनाला आलेले लोक जोडीने फोटो काढून घ्यायचे. आता सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. आमच्याकडे उरले पासपोर्ट फोटो आणि लग्नं. लग्नात तो माणसं टिपायचा, मी मांडणी. हार, ताटं, दागिने, मेंदीचे हात, मावळतीचं ऊन हे माझं. रडणारा मामा, पंगतीत वाढता वाढता दमून भिंतीला टेकलेली चुलती, हे त्याचं. एडिटिंग मात्र सगळं माझ्याकडे. रंग मला कळतो, हे आमच्यात ठरूनच गेलं होतं. कुणी ठरवलं, ते आता आठवत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी नांदेडच्या एका लग्नं पार पाडून देणाऱ्या, म्हणजे हॉलपासून हारापर्यंत सगळं बघणाऱ्या कंपनीतून फोन आला. मॅडम बोलत होत्या. त्यांना संपूर्ण सीझनसाठी फोटोवाल्यांची एक जोडी हवी होती. आमच्या पेजची लिंक मागितली आणि म्हणाल्या, "आम्ही खाली खाली बघत बसत नाही. पेज उघडलं की पहिले नऊ फोटो दिसतात. आडव्या तीन ओळी, उभ्या तीन रांगा. तेवढ्यावर कळतं माणसाला दृष्टी आहे का नाही. रंग एका घरचे दिसले पाहिजेत. सोमवारी बघते."

आमचं पेज म्हणजे आठवडी बाजार होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दसऱ्याचं पोस्टर, कुणाच्या तरी बैलजोडीचा फोटो, मधेच आमच्या नव्या कॅमेऱ्याचं खोकं. लग्नाचे फोटो होते, पण एक गुलाबी, एक निळा, एक पिवळाजर्द, जसा त्या त्या दिवशी उजेड होता तसा. मी जुनं सगळं लोकांच्या नजरेआड केलं. मिटवलं नाही, फक्त झाकलं. ते झाकायला जेवढी काळजी घेतली तेवढी पुढे घेतली असती तर बरं झालं असतं.

मग निवड. संगणकावर फोटो बघून नऊ निवडता येत नाहीत, हे माझं मत. एकेक फोटो मोठा करून बघितला की प्रत्येकच चांगला वाटतो. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कुणाचं कुणाशी पटतं ते कळत नाही. आमच्याकडे पासपोर्ट फोटोचा प्रिंटर होता, कागद होता, कटर होता. आणि गंमत अशी की पेजवर आता चौकोनी खिडकी राहिली नव्हती, उभी झाली होती, रुंदीला तीन तर उंचीला चार. पासपोर्ट फोटो जवळजवळ त्याच मापाचा. म्हणून आम्ही निवडीतले बेचाळीस फोटो पासपोर्टच्या मापात छापले, एका कागदावर आठ-आठ, आणि कटरवर कापून स्टुडिओतल्या फरशीवर मांडले. खाली पांढरा कागद अंथरला होता. उघडं दार, सकाळचा उजेड, ट्यूब बंद. फोटोचा रंग ट्यूबखाली बघू नये.

पहिल्या दिवशी भागीदार म्हणाला, "गड्या, हे पत्ते खेळल्यासारखं होऊन राहिलं."

"पत्त्यात नशीब लागतं," मी म्हणालो. "इथं नजर लागते."

नियम मी सांगत होतो आणि तो हलवत होता. दोन चेहरे एकाला एक लागून नकोत. गर्दीच्या फोटोशेजारी मोकळा फोटो हवा. लांबून काढलेल्या मांडवाशेजारी जवळून काढलेला हात. चारही कोपऱ्यांना जड रंग नको, नजर तिकडेच ओढली जाते. मधल्या घरात सगळ्यात शांत फोटो. आणि दूर उभं राहून डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे चेहरे विरघळतात आणि नुसते रंगाचे डाग उरतात. त्यात एखादा डाग टोचला की तो बाहेर. आम्ही दोघं दाराच्या उंबऱ्यावर उभे राहून डोळे किलकिले करून फरशीकडे बघत होतो. समोरच्या प्रसादाच्या दुकानवाल्याने विचारलं, काही सांडलं का.

आधार ठरला हळदीचा. आमच्या भागात हळदीला काय तोटा. नवरीला लागलेली ओली हळद, शेतात शिजवून वाळत घातलेल्या हळकुंडांसमोर उभी असलेली जोडी, सिद्धेश्वरच्या धरणावर संध्याकाळचं ऊन. त्यावर मी एक प्रीसेट बनवला. प्रीसेट म्हणजे रंगाची एकदा बसवलेली घडी, कुठल्याही फोटोवर टाकली की तो तिच्यासारखा होतो. उजेड किंचित उबदार, हिरवा रंग तपकिरीकडे ढकललेला, निळा जवळजवळ मारलेला, पांढरा दुधासारखा न ठेवता सायीसारखा केलेला. बेचाळीसचे अठरा झाले, अठराचे बारा झाले. मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं काम एका घरचं दिसत होतं.

त्या बारांत एक फोटो त्याने पुन्हा पुन्हा आणून ठेवला.

तो त्याच्या आईचा होता. आदल्या उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचं लग्न गावातल्या विहारात झालं, तेव्हाचा. माय पांढरं नऊवारी लुगडं नेसून विहाराच्या निळ्या भिंतीपुढे उभी होती. लुगड्याला बारीक निळा काठ. हातात नवरीच्या नव्याकोऱ्या सोनेरी चपला, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेल्या. लग्नात चपला लपवतात ना, म्हणून ती वंदना सुरू झाल्यापासून त्या धरूनच उभी होती. जेवली तेव्हासुद्धा मांडीवर घेऊन जेवली. मी होतो तिथे. मलाच तिने डोळ्यांनी दटावलं होतं, की तुझाही भरवसा नाही.

या बाईने कधी फोटो काढू दिला नाही. स्टुडिओत आली की गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायची, पण कॅमेऱ्याकडे पाठ करून. आम्ही डब्यातली तिची ज्वारीची भाकरी खायचो आणि ती म्हणायची, "माहं थोबाड उन्हानं करपलं, तुमचा कागद काहून खराब करता." घरात तिचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, ज्यात कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. त्या दिवशी मात्र पोराने "माय" अशी हाक मारली, तिने मान वर केली आणि सरळ लेन्समध्ये बघितलं. चपला धरलेल्या, कपाळावर घाम, आणि तोंडावर पोरगी चांगल्या घरी चालली याचं समाधान. त्याने काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो. हे मला तेव्हाही कळत होतं.

"टोन बसत नाही," मी म्हणालो.

"मधल्या घरात ठेवून बघ. डोळ्याला थंड वाटंल. सगळीकडं पिवळं पिवळं हाय."

ठेवून बघितला. डोळे बारीक केले. सगळ्या हळदीच्या मधोमध निळा-पांढरा डाग. मला तो टोचला. खरं सांगायचं तर मला तो चुकीसारखा दिसला.

"एकटा टोचतो," मी म्हणालो.

"मग एकटा नको ठेवू. विहारातलेच आणखी दोन घे. मेणबत्त्यांचा हाय, नवरा-नवरीच्या हाताचा हाय. तिरपे बसव, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मग डाग न्हाई वाटायचा, रेघ वाटंल. आणि चपलेचं सोनं बघ, ते तुझ्या हळदीला धरूनच हाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आता मी ते कुणालाही शिकवताना सांगतो. वेगळा रंग एकाच ठिकाणी आला तर डाग, तीन ठिकाणी आला तर विणकाम. रंग मला कळतो म्हणणाऱ्या माणसाला ते त्या वेळी पटलं नाही. पटलं नाही म्हणणंही खोटं. मला माझी घडी मोडायची नव्हती.

त्याचं मन राखायचं म्हणून मी त्या फोटोवर प्रीसेट टाकला. भिंत निळ्याची राखाडी झाली. लुगडं चहात पडल्यासारखं झालं. एका कागदावर बाकीच्या सात फोटोंबरोबर तो छापला, त्यांचे आधीचे मूळ रंगातले कपटे केरात टाकले आणि हा कापून त्याच्या हातात दिला. त्याने दारात नेऊन उजेडात धरला.

"ही माय न्हाई वाटत," तो म्हणाला.

"मग राहू दे ना."

"राहू दे," तो म्हणाला. त्याने तो कपटा शर्टाच्या खिशात घालायला घेतला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, नकोच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला. दोन मिनिटांनी म्हणाला, "नऊत विहारातलं एक बी लग्न न्हाई राहिलं."

अगदी साध्या आवाजात म्हणाला, फरशीवरचे कपटे गोळा करता करता. आमच्या वर्षभराच्या लग्नांत चौथा हिस्सा तरी त्यांच्याकडची लग्नं असायची. तीन दिवस आम्ही फरशीवर वाकून बसलो होतो आणि ती एकेक करून बाहेर गेली होती. पांढरी म्हणून गेली, निळी म्हणून गेली. मी रंगाशिवाय दुसरं काही बघितलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण ज्या रंगाला मी आधार मानलं तो कुणाच्या घरचा होता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो त्याला पडला. मी म्हणालो, "नंतर तुमचे वेगळे नऊ टाकू, सगळे पांढरे." तुमचे. माझ्या तोंडून बारा वर्षांत पहिल्यांदा हा शब्द निघाला असावा. तो कपटे गोळा करत राहिला.

रविवारी फोटो टाकले. शेवटचा आधी टाकायचा असतो, कारण नवा फोटो नेहमी वर डावीकडे जाऊन बसतो आणि जुन्यांना एकेक घर पुढे सारतो. मी नवव्यापासून उलटे टाकत पहिल्यापर्यंत आलो. पेज उघडून बघितलं आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं. इतकं जुळलेलं काही मी केलं नव्हतं. सोमवारी मॅडमचा फोन आला, "टोन काय सुंदर आहे हो तुमचा." काम मिळालं. आम्ही दोघांनी पेढे खाल्ले. त्याने दोन खाल्ले, हे मला आठवतं, कारण तो नाराज नाही असं मी त्यावरून ठरवून टाकलं.

आता ती गोष्ट सांगायची, जी सांगायला हात वळत नाही.

निवड करताना मी संगणकात तीन फोल्डर केले होते. होय, बघू आणि नको. जुन्या फोल्डरांतून वर्षभराचे शेकडो फोटो उचलून त्यांत टाकत होतो. कॉपी करायचं सोडून मी कट करत होतो. डिस्क भरत आली होती, एकच फोटो दोन ठिकाणी कशाला, असा हिशेब. गिऱ्हाइकांच्या फोटोंची भीती नव्हती, त्यांना पेनड्राइव्ह दिलेले असतात, हरवले तर त्यांच्याकडून आणता येतात. पण त्याच्या बहिणीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह कुणाला दिलाच नव्हता. अल्बम मी करून देणार होतो, माझ्याकडून आहेर म्हणून. घरचंच काम, म्हणून मागे पडत गेलं. माय दोन-तीनदा म्हणाली होती, "लेकरा, पोरीचा आलबम?" आणि मी म्हणालो होतो, होऊन राहिला.

जानेवारीत नांदेडची लग्नं लागोपाठ आली. एका लग्नाचे कार्ड रिकामे करायचे होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं होतं आणि डिस्कवर जागा नाही. मी 'नको' नावाचा फोल्डर बघितला. निवडीत नापास झालेले, त्यांचं काय करायचं, असं मनात आलं. कचऱ्याच्या डब्यातही न जाता थेट जातील असं बटण दाबलं. मग त्या जागेवर दोन लग्नांचं व्हिडिओ शूटिंग ओतलं. आत काय आहे हे उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. ते एक मिनिट मी अजून शोधतो.

हळद शिजवायचे दिवस होते तेव्हा माय गेली. सकाळी शेतातून आली, छातीत दुखतं म्हणाली, हिंगोलीला नेईपर्यंत वाटेतच संपलं. माती झाली तेव्हा मी होतो. परत निघताना भागीदार माझ्या गाडीजवळ आला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"तो चपला धरलेला फोटो मोठा करून ठेव," तो म्हणाला. "पुण्यानुमोदनाला लागंल. दुसरा फोटोच न्हाई तिचा. फ्रेम मी आणतो."

मी मान हलवली. गोजेगावच्या फाट्यापर्यंत येईतो मला काहीच आठवलं नाही. फाट्यावर आठवलं. गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि बसून राहिलो. रस्त्यापलीकडे हळदीच्या कढया चालू होत्या, वाफ येत होती, बायका हळकुंडं पसरत होत्या. तो रंग मला बघवेना.

पुसलेले फोटो परत काढण्याचं सॉफ्टवेअर असतं. ते लावलं. दीड दिवस ते चाललं. काय काय निघालं त्यातून, कुणाचा अर्धा हार, कुणाचा कान, रंगीत पट्टे. आणि तो फोटोही निघाला. वरची एवढीशी पट्टी. विहाराची निळी भिंत, मूळच्या रंगाची, अगदी तशीच. त्यापुढे डोक्यावरचा पदर, कपाळ, घामाचे दोन थेंब, भुवया. भुवयांच्या खाली राखाडी. डोळे नाहीत. मी त्या पडद्यासमोर बसून मोठ्याने रडलो. बायको धावत आली आणि तिला वाटलं, आणखी कुणी गेलं.

त्याच्या नातेवाइकांना मोबाइलमधले फोटो विचारले. मायच्या एका पुतण्याकडे ती होती, पाठमोरी.

मग तो कपटा आठवला. निवडीचे सगळे कपटे मी एका पाकिटात भरून ठेवले होते, पुढच्या वेळी मांडायला लागतील म्हणून. ते पाकीट सापडलं. त्यात ती होती. बोटाएवढी, प्रीसेटमधली. राखाडी भिंत, चहाच्या रंगाचं लुगडं, चपला मात्र झकास सोनेरी. छापलेल्या त्या शीटची फाइलही 'नको'बरोबर गेलेली. जगात तिचं सरळ बघणारं तोंड तेवढ्या कागदावर उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो स्टुडिओत आला. हातात फ्रेम. मी त्याला सगळं सांगितलं, बसायच्या आधीच सांगितलं, नाहीतर माझ्याने झालं नसतं. तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, मायसारखाच, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

"कट केलं व्हय?" त्याने विचारलं.

"व्हय."

"कॉपी न्हाई केलं."

"न्हाई."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्याने द्यायला हव्या होत्या. मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "असू दे. हाय त्याच्यातून कर," आणि फ्रेम टेबलावर ठेवून निघून गेला.

मी त्या कपट्याचा स्कॅन केला. बोटाएवढा कागद फ्रेमएवढा वाढवला की छपाईचे ठिपके दिसायला लागतात. ते मी बुजवले, तर सुरकुत्याही बुजल्या आणि ती दुसरीच कुणी दिसायला लागली. पुन्हा मागे आलो. भिंतीचा निळा माझ्याकडे होता, त्या पट्टीत. तिथून रंग उचलून भिंतीला दिला. भिंत निळी झाली, पण तिच्या मागून कापून चिकटवल्यासारखी. लुगडं पांढरं करायला गेलो की चेहऱ्यातलं रक्त निघून जायचं. चेहरा धरून ठेवला की लुगडं पुन्हा पिवळट. मीच कधीतरी पांढऱ्यातून निळा काढून टाकला होता, तो कागदावर उतरलाच नव्हता. जे उतरलंच नाही ते परत कुठून आणायचं? मी दोन दिवस घासलं. वीस वर्षांचा माझा सगळा रंग त्या एका लुगड्याला पांढरं करू शकला नाही.

पुण्यानुमोदनाला तोच फोटो लागला. विहारातच कार्यक्रम होता. खऱ्या निळ्या भिंतीपुढे टेबल, त्यावर पांढरं कापड, मेणबत्त्या, फुलं आणि मधे ती फ्रेम. भिंत निळी, कापड पांढरं आणि त्यात तो एक पिवळट चौकोन. दाराजवळ उभं राहून मी सवयीने डोळे बारीक केले. डाग दिसला. त्या सगळ्यात तेवढंच टोचत होतं.

बहीण सासरहून आली होती. तिच्या पायात त्याच सोनेरी चपला होत्या. तिने त्या दाराबाहेर काढल्या, आत गेली, फोटोपुढे वाकली आणि तशीच थांबली.

"दादा, मायचं लुगडं असं पिवळं काहून दिसून राहिलं?"

मी भागीदाराकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"फोटो जुना हाय," तो म्हणाला.

जेमतेम नऊ-दहा महिन्यांचा फोटो. तिच्याच लग्नातला. ती बिचारी फुलं वाहून बाजूला झाली. कुणाला वाचवायचं म्हणून तो ते बोलला हे कळण्याइतका मी शहाणा आहे, आणि त्यामुळेच त्या दिवसापासून मला त्याच्यासमोर मान वर करून बसता येत नाही.

तो कामावर येतो. रोज येतो. आमचं भांडण झालेलं नाही. लग्नं करतो, माणसं टिपतो, पूर्वीइतकीच चांगली. पेजवर नऊ खिडक्या अजून तशाच वर आहेत, एखाददुसराच फोटो टाकला की रांगा विस्कटतात म्हणून मॅडमनी तीन-तीनच्या हिशेबानेच टाकायला सांगितलं आहे. लोक खाली लिहितात, काय टोन, काय टोन.

परवा नवे नऊ निवडायचे होते. मी पुन्हा कपटे छापले, फरशीवर कागद अंथरला. यावेळी विहारातले पांढरे-निळे तीन मीच आधी मांडले, तिरपे, त्याने सांगितलं होतं तसे. त्याला हाक मारली. तो कॅमेऱ्याची लेन्स पुसत होता. उठला नाही.

"तुला बसतंय ते ठेव," तो म्हणाला. "मला रंगातलं कळत न्हाई."